हजेरीतले दोन राहुल पाटील

प्रस्तावना

एकाच वर्गात किंवा एकाच कचेरीत एका नावाची दोन माणसं आली, की पहिल्या आठवड्यातच तिसरं कुणीतरी त्यांची नावं बदलून टाकतं. हा तिसरा बहुधा मागच्या बाकावरचा मुलगा असतो, नाहीतर शिपाई, नाहीतर चहावाला. तो कुणाला विचारत नाही आणि त्याने दिलेलं नाव कुठल्या कागदावर चढत नाही, पण पुढची 30-40 वर्षं ते टिकतं. अशा नावांचा हा संग्रह शाळेत आणि सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या एका गृहस्थांनी केला आहे. त्यात नुसत्या टोपणनावांची यादी असती तर मला प्रस्तावनेत सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. पण त्यांनी फक्त नामसारख्यांची, म्हणजे ज्यांना वेगळं ओळखण्याची खरीच गरज होती अशा जोड्यांची नावं जमवली आहेत. इथे टोपणनाव ही गंमत राहत नाही, त्याला काम असतं. दोघांची उत्तरपत्रिका, दोघांचा पगार, दोघांचे निरोप त्याने वेगळे ठेवायचे असतात, आणि तेही दोघांपैकी कुणाचं तोंड उतरू न देता.

मराठी मुलखात ही अडचण जास्त का येते, हे आधी पाहिलं पाहिजे. आपल्याकडे पाटील, जाधव, शिंदे, कुलकर्णी, जोशी ही आडनावं गावोगाव आहेत. त्यावर पहिल्या नावांची लाट येते. एखाद्या पिढीत घरोघरी संतोष आणि सुनिता, पुढच्या पिढीत राहुल, सचिन आणि वैशाली. दोन्हींची गाठ पडली की एका तुकडीत दोन राहुल पाटील सहज निघतात. याच्या जोडीला आजोबांचं नाव नातवाला ठेवायची जुनी रीत आहे. त्यामुळे एका भावकीत भावाभावांची मुलं एकाच नावाची, आणि आडनाव तर एकच, असा दुहेरी घोळ व्हायचा. गावाने त्यावर आपला इलाज काढला होता. थोरल्या पातीचा आणि धाकट्या पातीचा, मळ्यातला आणि वाड्यातला, वरच्या आळीचा आणि खालच्या आळीचा. घराची जागा सांगितली की माणूस कळतो, आणि त्यात कुणाचं उणं निघत नाही.

कागदावर आपली सोय आणखी चांगली आहे. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशी तिहेरी पद्धत असल्यामुळे दोन राहुल पाटलांमध्ये वडील येऊन उभे राहतात. वडिलांचंही नाव एकच निघालं तर पूर्वी हात टेकावे लागत. आता 1 मे 2024 रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लिहायचं ठरवलं आहे. त्याचा हेतू वेगळा आणि मोठा आहे, पण नामसारख्यांची एक गाठ त्याने जाता जाता सोडवली. तरी हाक मारताना कुणी चार शब्द उच्चारत नाही. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पोराला 'राहुल दिनकर पाटील' अशी हाक मारून पाहा, तो येईपर्यंत खेळ संपेल. कागद आणि तोंड यांच्यातली ही फट टोपणनावं भरून काढतात.

ती कशी भरली जाते आणि त्यात पाय कुठे घसरतो, हे या संग्रहातल्या एकाच प्रकरणावरून नीट कळतं. म्हणून ते इथे जरा सविस्तर सांगतो. माणसांची नावं संपादकांनी बदललेली आहेत.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची शाळा. पाचवीपासून तिथे शिकणारा एक राहुल दिनकर पाटील होता. आठवीत बाजूच्या वाडीवरून राहुल सर्जेराव पाटील आला. हजेरीपटावर नावं आडनावाने लावलेली, त्यामुळे दोघे एकाखाली एक आले. गुरुजी 'पाटील राहुल' म्हणाले की दोघे 'हजर' म्हणत, आणि एखाद्या दिवशी एकटाच आला असला तरी दोघांची हजेरी लागे. सहामाहीला खरा घोटाळा झाला. दोघांनी गणिताच्या उत्तरपत्रिकेवर नाव आणि आडनाव एवढंच लिहिलं, एकाने हजेरी क्रमांक लिहायचाच सोडला, आणि 38 गुण एकाचे असताना दुसऱ्याच्या नावावर चढले. ज्याचे खरे 17 होते त्याच्या घरी तीन दिवस आनंद होता.

वर्गाने तोवर आपला तोडगा काढलाच होता. जुना तो 'राहुल' आणि नवा तो 'नवा राहुल'. वरवर पाहता यात काय वाईट? नवा होताच तो. पण नववी झाली, दहावी आली, तरी तो 'नवा'च राहिला. याच्यानंतर आलेली चार मुलं जुनी झाली आणि हा मात्र कायमचा पाहुणा. या जोडीतली मेख अशी, की खूण एकालाच लागली. एकाकडे पूर्ण नाव राहिलं आणि दुसऱ्याच्या नावापुढे अट आली. या संग्रहातल्या दुखावलेल्या नामसारख्यांची प्रकरणं एकत्र वाचली, तर मला त्यात वारंवार हेच दिसलं. खूण कसली आहे यापेक्षा ती एकट्यालाच लागली, याचाच सल जास्त. 'राहुल' आणि 'जाड्या राहुल' ही जोडी वाईट आहे हे कुणालाही कळतं. पण 'राहुल' आणि 'दुसरा राहुल' या जोडीतही तोच दोष आहे, हे पटकन लक्षात येत नाही.

इतिहासाने या बाबतीत आपल्याला बरं वळण घालून दिलं आहे. पहिल्या बाजीरावांना हयातीत कुणी 'थोरले' म्हटलं नसणार, म्हणायचं कारणच नव्हतं. 1740 मध्ये ते वारले. 1775 मध्ये जन्मलेल्या त्यांच्या नातवाचं नाव बाजीराव ठेवलं गेलं, तो पुढे पेशवा झाला, आणि मग आजोबांच्या नावामागे 'थोरले' लागलं. माधवरावांचंही तसंच. 1772 मध्ये माधवराव गेले आणि 1774 मध्ये त्यांच्या पुतण्याला तेच नाव मिळालं. आता एकाला 'धाकटे' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण लोकांनी थोरल्याला 'थोरले' आणि धाकट्याला 'सवाई' म्हटलं. दुसरा आल्यावर पहिल्याचंही नाव बदललं, आणि दोघांपैकी कुणाच्याही वाट्याला कमीपणाचा शब्द आला नाही. सवाई माधवरावांची कारकीर्द त्या शब्दाला पुरी पडली की नाही, हा प्रश्न निराळा.

वर्गातली पोरं इतकी मुत्सद्दी नसतात. 'नवा' नको म्हटल्यावर त्यांनी दोघांनाही खूण लावली, पण ती गावावरून. एक राहतो पेठेत, दुसरा वाडीवरून रोज एसटीने येतो. म्हणून एक 'पेठ' आणि दुसरा 'एसटी'. जागेवरून खूण हा तर गावाचा पारखलेला इलाज, दोघांना सारखा लागू. महिना दीड महिना ही नावं छान चालली. मग शिष्यवृत्तीचे अर्ज आले. अर्जावर जातीच्या प्रवर्गाचे रकाने होते, त्यात इंग्रजी आद्याक्षरांत 'एसटी' हाही एक होता, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. राहुल त्या प्रवर्गातला नव्हता, पण त्याच वर्गात त्या प्रवर्गातली दोन मुलं होती आणि ती हसली नाहीत. त्या दिवसापासून जे नाव बसचं होतं ते बसचं राहिलं नाही. कुणी काही ठरवून केलं नव्हतं. खूण तीच, उच्चार तोच, फक्त ऐकणाऱ्यांच्या डोक्यात दुसरा अर्थ शिरला आणि बाहेर निघेना. वर्गशिक्षकांनी दुसऱ्याच दिवशी ते नाव बंद केलं, हे त्यांनी बरोबर केलं. आपल्याकडे खुणेला जात चिकटायला वेळ लागत नाही. वडिलांच्या धंद्यावरून दिलेलं नाव, वस्तीवरून दिलेलं नाव, जेवणाच्या डब्यावरून दिलेलं नाव, यांत देणाऱ्याच्या मनात काही नसलं तरी घेणाऱ्याला त्यात बरंच काही ऐकू येतं. 'खालच्या आळीतला' हे भावकीत निरुपद्रवी असेल, पण जिथे आळ्याच जातीने पडल्या आहेत तिथे ते तसं राहत नाही.

यावर शिक्षकांनी कागदाचा रस्ता धरला. पाटील आर. डी. आणि पाटील आर. एस. आपल्या शाळांत आणि पोलीस ठाण्यांत ही रीत मुरलेली आहे. पोलिसांत तर याच्याही पुढे जाऊन बक्कल नंबर असतो, आणि एका ठाण्यात तीन पाटील हवालदार असले तरी कागदावर घोळ होत नाही. आद्याक्षरांना रंग नसतो, उंची नसते, जात नसते. मराठी साहित्याचा सगळा संसार याच सोयीवर उभा आहे. पु. ल., व. पु., गो. नी., जी. ए. असं म्हटलं की आडनावाचीही गरज पडत नाही, आणि आद्याक्षरांना माया लागली की त्यांचं पुलं, वपु, गोनीदा होतं. वर्गातही नेमकं तेच झालं. आर. डी. चा 'आरडी' झाला, आणि आरडी म्हटल्यावर कुणाला तरी राहुल देव बर्मन आठवले. आठवड्याभरात राहुल दिनकर 'पंचम' झाला. त्याला सुराचा गंध नव्हता. पण नाव ऐटबाज होतं, आणि तो वहीवर ते लिहू लागला.

आता अडचण दुसऱ्या बाजूने आली. राहुल सर्जेराव 'आरएस'च राहिला. दोन अक्षरं, कोरडी, कुणाचीही असू शकतील अशी. एकाची खूण फुलली आणि दुसऱ्याची सुकली, म्हणजे वळणं घेत गाडी पुन्हा जुन्याच जागी आली. पोरांनी आपल्या परीने भरपाई केली आणि त्याला वडिलांच्या नावावरून 'सर्जा' म्हणायला सुरुवात केली. ज्यांनी मराठी शाळेत मधली सुट्टी काढली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. एकमेकांच्या बापाचं नाव शोधून काढणं आणि त्या नावाने हाक मारणं हा आपल्याकडे मुलांचा चिडवण्याचा हुकमी प्रकार आहे. तेच नाव हजेरीपटावर वडिलांचा मान म्हणून येतं आणि मैदानावर शिवी म्हणून. राहुलने दोघांना धुतलं, एकाचा चष्मा फुटला, पालकांना बोलावणं गेलं.

ही कोंडी शेवटी कुणी विचारपूर्वक सोडवली नाही. आंतरशालेय कबड्डीत राहुल सर्जेराव उजव्या कोपऱ्यात उभा राहत असे. एका सामन्यात त्याने चढाईला आलेल्या मुलाचा घोटा असा काही धरला, की बाहेरून सगळा वर्ग 'कॉर्नर, कॉर्नर' ओरडायला लागला. दुसऱ्या दिवशी हजेरीला 'पाटील राहुल' म्हटल्यावर वर्गातूनच आवाज आला, 'पंचम की कॉर्नर?' गुरुजींनीही मग पटावर पेन्सिलीने पी आणि सी लिहून ठेवलं. आज दोघे पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहेत. कॉर्नर आता कबड्डी खेळण्याच्या वजनाचा राहिलेला नाही. पण फोनवर तो अजून 'मी कॉर्नर बोलतोय' असं सांगतो, असं संपादकांनी नोंदवलं आहे.

या एका वाक्यात टोपणनावाची सगळ्यात भरवशाची परीक्षा आहे. ज्याचं नाव आहे तो ते स्वतःसाठी वापरतो का? 'मला काही वाटत नाही हो' असं तोंडाने म्हणणारे पुष्कळ भेटतात, कारण वाईट वाटलं असं सांगणं म्हणजे आणखी चिडवून घेणं. त्यामुळे विचारून उपयोग नाही, पाहावं लागतं. त्या नावाने हाक मारल्यावर तो लगेच वळतो, की अर्धा क्षण थांबून वळतो? त्याची आई किंवा बायको समोर असताना मित्र तेच नाव घेतात, की घाईघाईने 'राहुल' म्हणतात? नाव फक्त त्याच्या पाठीमागे चालतं का? माझ्या मते यातली शेवटची खूण निर्णायक आहे. जे नाव तोंडावर घेता येत नाही ते ओळखीसाठी राहिलेलंच नाही, मग ते कितीही गमतीचं असो.

मराठीने आपल्याला आणखी एक साधन दिलं आहे, आणि ते इतकं सवयीचं आहे की या संग्रहात त्याच्या नोंदी शोधाव्या लागतात. नाव तेच ठेवून त्याचं रूप बदलायचं. दोन संतोष असले तर एक संत्या आणि एक संतू. दोन विनायक असले तर एक विन्या आणि एक विनू. दोन प्रकाश असले तर एक पक्या, दुसरा वयाने जरा मोठा असला तर प्रकाशभाऊ. यात बाहेरचा कुठलाच शब्द येत नाही, त्यामुळे उंची, रंग, गाव, बाप यांपैकी कशालाही हात लागत नाही. वर्गात हा तोडगा सर्वांत सुरक्षित, असं मी बेलाशक म्हणेन. कचेरीत मात्र तो धोक्याचा. शेवटचा 'या' लावण्याचा हक्क बरोबरीच्यांना आणि घरच्यांनाच असतो. साहेबाने कारकुनाला 'संत्या' म्हटलं तर तो अपमान, आणि साहेब झालेल्या जुन्या वर्गमित्राला शिपायादेखत 'संत्या' म्हटलं तर तोही अपमानच.

तिथे मोठ्या माणसांसाठी आपल्याकडे राव, दादा, अण्णा, आबा, तात्या आहेत. महाराष्ट्राला दोन वसंत मुख्यमंत्री लाभले. एक वसंतराव आणि एक वसंतदादा. नाईक आणि पाटील ही आडनावं घ्यायची पाळीच येत नाही, राव आणि दादा एवढ्यावर माणूस कळतो, आणि दोन्ही शब्द मानाचेच. त्याहून मला आवडतं ते तीन बाळ गंगाधरांचं उदाहरण. पहिले जांभेकर, 1832 मध्ये 'दर्पण' काढणारे. दुसरे टिळक. तिसरे खेर, 1937 मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान झालेले. पाळण्यातलं नाव केशव असलेल्या टिळकांना तर घरातलं लाडाचं 'बाळ' हेच कायमचं चिकटलं. नाव तेच आणि वडिलांचं नावही तेच, म्हणजे आपली तिहेरी पद्धत तिथे निम्मी निकामी. पण एक बाळशास्त्री, एक लोकमान्य आणि एक बाळासाहेब, असं म्हटल्यावर कुणाचा कुणाशी घोळ होत नाही. एकाची खूण विद्येची, दुसऱ्याची लोकांनी दिलेली आणि तिसऱ्याची घरगुती आदराची.

मानाच्या शब्दांची एक मर्यादा मात्र आहे, ते झिजतात. 'बाळासाहेब' ही खूण खेरांना पुरेशी होती. मग देसाई आले, ठाकरे आले, विखे पाटील आले, थोरात आले, आणि आज नुसतं बाळासाहेब म्हटलं तर कोण ते बोलणारा कुठल्या जिल्ह्यातला आणि किती वयाचा यावर ठरतं. ज्या कचेरीत चार 'अण्णा' असतात तिथे अण्णा हे टोपणनाव उरत नाही. त्यालाच पुन्हा खूण लावावी लागते, आणि मग 'स्टोअरचे अण्णा' येतात.

कचेरीत ही स्टोअरची खूणच सर्वांत जास्त चालते. आपल्याकडे माणूस टेबलाने ओळखला जातो. संग्रहात दोन वैशाली जाधवांचं प्रकरण आहे. एक अनेक वर्षं त्याच कचेरीत वैशाली जाधव म्हणून काम करत होती. दुसरी लग्नाआधी वेगळ्या आडनावाने होती आणि लग्नाची रजा संपवून परत आली ती वैशाली जाधव होऊन. नामसारखी होण्याचा हा खास बायकांच्या वाट्याला येणारा रस्ता आहे. पूर्वी घरात तर याहून पुढची गोष्ट व्हायची. सुनेचं नाव सासूचं किंवा जावेचं निघालं की लग्नातच सुनेचं पहिलं नाव बदलून टाकत. खूण लावायचे कष्टच नकोत, नाव काढूनच घ्यायचं. कचेरीला तशी मुभा नव्हती. तिथे एक 'आवक-जावकच्या जाधव मॅडम' झाल्या आणि दुसऱ्या 'आस्थापनेच्या जाधव मॅडम'. दोघींना खूण, दोघींची एकाच जातीची, आणि दोघींच्या कामावरून. यात खोट काढायला जागा नव्हती.

पण टेबल बदलतं. तीन वर्षांनी आवक-जावकच्या जाधव आस्थापनेत आल्या आणि आस्थापनेच्या जाधव पेन्शनच्या टेबलावर गेल्या. लोकांच्या तोंडी जुनी नावं कायम राहिली. एका जाधवांच्या अर्जित रजेची नोंद दुसऱ्या जाधवांच्या सेवापुस्तकात गेली, आणि ते लक्षात आलं तेव्हा रजा मंजूर होऊन उपभोगूनही झाली होती. सेवार्थ क्रमांक दोघींचे वेगळे होते. पण अर्जावर क्रमांकाचा रकाना कोरा होता आणि वर 'आस्थापनेच्या जाधव मॅडम' असं पेन्सिलीने लिहिलेलं होतं. सहामाहीच्या उत्तरपत्रिकेचीच ही मोठी आवृत्ती. तोंडी खुणेने तोंडी कामं करावीत, ती कागदावर चढली की तिथल्या क्रमांकाची जागा खाऊन टाकते.

संगणकाने आणलेली खूण तर मला सगळ्यात असंस्कृत वाटते. आधी आलेल्याचा पत्ता `vaishali.jadhav` आणि नंतर आलेलीचा `vaishali.jadhav2`. यंत्राने तोच 'नवा राहुल' पुन्हा केला. शिवाय पत्ता टाइप करताना पहिला आपोआप पुढे येतो, म्हणून दुसरीची निम्मी पत्रं पहिलीकडे जातात, आणि एका कचेरीत तर पगाराची पावतीही गेली होती. यावर इलाज साधा आहे. मधलं अक्षर दोघींच्याही पत्त्यात घालायचं आणि बिनअक्षराचा पत्ता कुणालाच द्यायचा नाही. ज्या एका कचेरीने तसं केलं तिची नोंद या पुस्तकात आहे. जुन्या वैशालीताई आपला पत्ता बदलला म्हणून थोडे दिवस रागावल्या होत्या, हेही संपादकांनी लपवलेलं नाही. आधी आलेल्याला आपलं नाव मोकळं ठेवण्याचा हक्क आहे असं वाटत असतंच. थोरल्या बाजीरावांना विचारता आलं असतं तर त्यांनीही कदाचित कुरकुर केली असती.

शाळेतल्या शिक्षिकांच्या जोड्या हा या संग्रहातला सर्वांत गोड भाग आहे. 'गणिताच्या कुलकर्णी बाई' आणि 'मराठीच्या कुलकर्णी बाई' हे तर सगळीकडे. पण एका शाळेत मुलांनी विषयसुद्धा घेतला नाही. मराठी शिकवणाऱ्या त्या 'कुलकर्णी बाई' आणि इंग्रजी शिकवणाऱ्या त्या 'कुलकर्णी मॅडम'. हाकेतच खूण. दोघींनाही ती मान्य होती, फक्त बाईंनी एकदा एवढंच विचारलं, की मी इंग्रजीचा तास घेतला तर मॅडम होईन का.

नाव, धंदा आणि ठिकाण यांचं हे गणित कायद्यालाही माहीत आहे. निवडणूक आचरण नियम 1961 मध्ये तरतूद आहे, की एकाच नावाचे दोन उमेदवार असतील तर त्यांचा व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा दुसरी काही खूण जोडून त्यांना वेगळं दाखवावं. पारावरचे लोक जे करतात तेच. पण ही तरतूद धरते ती दोघांना वेगळं व्हायचं असेल तेव्हाच. 2014 च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये सुनील तटकरे सुमारे 2,100 मतांनी हरले, आणि त्याच नावाच्या अपक्ष उमेदवाराला साडेनऊ हजारांहून जास्त मतं पडली होती. पुढच्याच वर्षी निवडणूक आयोगाने मतपत्रिकेवर उमेदवारांचे फोटो छापायचं ठरवलं. या पुस्तकात असे हेतुपुरस्सर नामसारखे घेतलेले नाहीत, आणि ते बरं झालं. वर्गातल्या आणि कचेरीतल्या जोड्यांचा सगळा जीव यात आहे, की दोघांना उद्याही शेजारी बसायचं असतं.

वाचकांना एक गोष्ट खटकेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. पुढच्या पानांवर बऱ्याच जोड्यांत एकाचंच टोपणनाव छापलेलं आहे आणि दुसऱ्याच्या जागी नुसती रेघ आहे. ती विसरून राहिलेली नाही. संपादकांनी शक्य तिथे दोघांनाही विचारलं, आणि ज्याने आपलं नाव छापायला नकार दिला त्याच्या जागी रेघ घातली. एका जोडीत दोन्हीकडे रेघच आहे. दोघांनीही आपापलं नाव छापायला हरकत घेतली नव्हती, पण दोघांनाही दुसऱ्याचं छापलेलं नको होतं.